वरून डोकावणारा बूम काढायचा, तर ठिगळ त्याच शॉटमधून घ्या

संवाद चालू आहे, अभिनय जमलाय, आवाज स्वच्छ आलाय, आणि फ्रेमच्या वरच्या काठातून बूमचं, म्हणजे लांब दांड्याला लावलेल्या माइकचं, केसाळ बोंडूक दीड-दोन सेकंद खाली येऊन परत वर जातं. सेटवरच्या छोट्या मॉनिटरवर ते कुणाला दिसत नाही, एडिटला मात्र हमखास दिसतं. अशा वेळी लोक आधी क्लोन ब्रश हातात घेतात आणि एकेक फ्रेम पुसत बसतात. त्यात वेळ जातो, शिवाय पुसलेली जागा दर फ्रेमला थोडी वेगळी निघत असल्याने प्ले केल्यावर तिथे खळबळ दिसते. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर असेल तर उत्तर बहुतेकदा शॉटमध्येच असतं. माइक नसतानाची तीच भिंत त्याच शॉटच्या दुसऱ्या सेकंदात शिल्लक असते. तिथून ठिगळ घ्यायचं आणि माइकवर लावायचं.

इथे एक शॉट सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेऊन ते काम बघू. सॉफ्टवेअर डाविंची रिझॉल्व्ह धरलं आहे, कारण यासाठी लागणारं सगळं त्याच्या मोफत आवृत्तीत मिळतं. तत्त्व कुठल्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तेच राहतं, बटणांची नावं तेवढी बदलतात.

शॉट असा आहे: 3840 × 2160, 25 फ्रेम्स प्रति सेकंद, लांबी 14 सेकंद, म्हणजे 350 फ्रेम्स. टाइमलाइनही तेवढ्याच रिझोल्यूशनची. खुर्चीत बसलेली एक व्यक्ती, मागे फिकट रंगाची भिंत, कॅमेरा स्थिर. फ्रेम 212 ला माइक वरून आत येतो आणि 257 ला शेवटचा दिसतो, म्हणजे एकूण 46 फ्रेम्स. सर्वांत खाली असताना तो वरच्या काठापासून 140 पिक्सेल आत आहे. त्यात एक अडचणही आहे: फ्रेम 246 पासून व्यक्ती खुर्चीतून उठू लागते आणि तिचं डोकं माइकच्या दिशेने वर येतं.

आधी मोजा: माइक खरंच कुठून कुठपर्यंत आहे?

डोळ्याला माइक दिसतो ती त्याची खरी हद्द नसते. वाऱ्यापासून वाचवणारं केसाळ कव्हर असेल तर त्याची कडा धूसर असते. माइक हलत असतो, त्यामुळे त्यात मोशन ब्लरही मिसळतो. शिवाय माइक दिव्याच्या वाटेत येत असेल तर भिंतीवर त्याची मऊ सावली पडते, आणि ती कधीकधी माइकपासून बरीच दूर, भलत्याच कोपऱ्यात असते. माइक काढला आणि सावली तशीच राहिली, तर प्रेक्षकाला काय खटकतंय ते सांगता येणार नाही, पण खटकेल. भिंतीवर काच लावलेली तसबीर असेल, मागे आरसा किंवा बंद टीव्ही असेल, तर त्यातलं प्रतिबिंबही शोधा.

हे बघण्याचा सोपा मार्ग म्हणजे क्लिपवर तात्पुरता Gain आणि Contrast भरपूर वाढवायचा आणि शॉट पुढे-मागे करत राहायचं. भिंत जवळजवळ पांढरी झाली की फिकट सावल्या उठून दिसतात. आपल्या शॉटमध्ये नुसत्या डोळ्याला 140 पिक्सेल वाटणारा माइक असं पाहिल्यावर 150 च्या आसपास भरतो. आकडे लिहून ठेवा: पहिली फ्रेम, शेवटची फ्रेम, सर्वांत खोल बिंदू, डावी-उजवी हद्द. पुढचं सगळं काम या आकड्यांवर चालतं.

मोठं करून भागतंय का?

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चित्र थोडं मोठं करून वरचा भाग फ्रेमबाहेर ढकलणं. इथे एक चूक सर्रास होते. नुसता Zoom वाढवला की चित्र मध्यापासून चारही बाजूंना फुगतं. वरचे 150 पिक्सेल घालवायला मग जवळजवळ 1.16 इतका Zoom लागतो, आणि तेवढेच पिक्सेल खालून विनाकारण जातात. त्याऐवजी खालचा काठ जागेवर ठेवून फक्त वरच्या बाजूने कापा. Inspector मध्ये Zoom 1.08 ठेवला की चित्राची उंची 2333 पिक्सेल होते, म्हणजे 173 जास्तीची. त्यातली निम्मी उंची आपोआप वर जाते, उरलेली निम्मी वर ढकलण्यासाठी Position Y ला 86 द्या. मूळ चित्रातले वरचे साधारण 160 पिक्सेल गेले आणि खाली काळी पट्टीही आली नाही. 1.16 आणि 1.08 यांतला फरक चेहऱ्याच्या धारदारपणात नक्की जाणवतो.

टाइमलाइन एचडी असेल आणि शूट 4के असेल, तर हा विचार करायचीही गरज नाही. मोठं करा आणि पुढे जा.

मोठं करायचं ठरलं तर ते पूर्ण शॉटला करा, फक्त त्या 46 फ्रेम्सना नाही. मध्येच केलं तर चित्र उडी मारल्यासारखं दिसतं. तोच सेटअप दृश्यात पुन्हापुन्हा येत असेल तर त्या सगळ्या तुकड्यांनाही तेच आकडे द्या, नाहीतर प्रत्येक कटला चेहऱ्याचा आकार बदलेल.

आपल्या शॉटमध्ये हे चालत नाही. व्यक्ती उठते तेव्हा तिचे केस वरच्या काठापासून जेमतेम 110 पिक्सेलवर येतात. वरचे 160 कापले तर डोकंच कापलं जाईल. म्हणून ठिगळ.

कॅमेरा खरंच हलला नाही ना?

ठिगळ लावण्याआधी पाच मिनिटांची एक तपासणी करा, नाहीतर पुढे तासभर चुकीच्या जागी जातो. ट्रायपॉडवरचा शॉट म्हणजे न हललेला शॉट, असं धरून चालू नका. लाकडी जमिनीवर कुणी चाललं की एक-दोन पिक्सेलचा धक्का बसतो. फोकस पुढे-मागे केला की बऱ्याच लेन्समध्ये चित्र किंचित लहान-मोठं होतं. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन चालू राहिलं असेल तर चित्र हळूहळू तरंगतं.

प्लेहेड शॉटवर ठेवून `F` दाबा, मूळ क्लिप Source Viewer मध्ये उघडेल. माइक नसलेला भाग शोधा. आपल्याकडे फ्रेम 60 ते 150 पूर्ण स्वच्छ आहे. त्यातला तुकडा In आणि Out लावून निवडा आणि फक्त व्हिडिओ, आवाज न घेता, माइक असलेल्या फ्रेम्सच्या बरोबर वर V2 ट्रॅकवर ठेवा. आवाजाचा तुकडा चुकून सोबत आला असेल तर तो लगेच काढून टाका. तो दुसऱ्या वेळेचा असल्याने शेवटच्या मिक्समध्ये मागून कुणीतरी पुटपुटल्यासारखा ऐकू येतो, आणि तो कुठून आला हे शोधणं फार त्रासाचं होतं.

आता V2 वरच्या तुकड्याचा Composite Mode बदलून Difference करा. दोन्ही चित्रांत जिथे काहीच फरक नाही तो भाग काळा दिसेल. काळ्यावर बारीक वाळूसारखी चळवळ दिसेल, तो ग्रेन आहे आणि तो दिसायलाच हवा. व्यक्ती आणि माइक उजळ दिसतील, तेही ठीक. बघायचं आहे ते भिंतीवरच्या स्थिर रेषांकडे: तसबिरीची कडा, पडद्याची दांडी, दाराची चौकट. त्यांच्या जागी बारीक उजळ रेघ दिसली तर कॅमेरा सरकला आहे. सगळीकडे सारख्याच जाडीची रेघ असेल तर सरळ सरकला, तेव्हा V2 च्या Position मध्ये अर्धा-अर्धा पिक्सेल बदलत रेघ नाहीशी होईपर्यंत जुळवा. मध्यभागी रेघ नाही पण कडांना आहे असं दिसलं तर आकार बदलला आहे, म्हणजे फोकसचा प्रकार. तेव्हा Zoom मध्ये 1.001 किंवा 1.002 असा बारीक बदल करून बघा. दोन्हीपैकी काहीही केलं तर ठिगळातला ग्रेन किंचित मऊ होतो हे लक्षात ठेवा, म्हणून गरज नसेल तर हात लावू नका.

रेषा स्वच्छ, पण सगळी भिंतच काळी न दिसता एकसारखी करडी दिसते, असं झालं तर उजेड बदललेला आहे. खिडकीतून ऊन येत असेल तर हे नेहमी होतं. त्याचा इलाज पुढे आहे.

तपासणी झाल्यावर Composite Mode परत Normal करा. हे विसरलं जातं.

गोठवलेली फ्रेम का नको?

अनेक ट्युटोरियलमध्ये स्वच्छ क्षणाची एक फ्रेम गोठवून तिचं ठिगळ लावायला सांगतात. थांबवलेल्या चित्रात ते अप्रतिम दिसतं. प्ले केलं की मात्र फसतं, कारण बाकी भिंतीवर ग्रेन दर फ्रेमला बदलतोय आणि ठिगळात तोच ग्रेन चिकटून बसलाय. प्रेक्षकाला वाटतं, काचेवर डाग पडलाय. अंधाऱ्या शॉटमध्ये आणि जास्त आयएसओवर तर तो डाग माइकपेक्षा जास्त दिसतो.

म्हणून ठिगळ चालतं हवं. जितक्या फ्रेम्स झाकायच्या तितक्याच सलग स्वच्छ फ्रेम्स घ्या, ग्रेन आपोआप जिवंत राहतो. आपल्याला 46 फ्रेम्स झाकायच्या आहेत, पण ठिगळ अचानक उगवू आणि मावळू नये म्हणून दोन्ही टोकांना 12-12 फ्रेम्सचा फेड देऊ, आणि फेड व माइक यांच्यात दोन-दोन फ्रेम्सची मोकळी जागा ठेवू. म्हणजे ठिगळ फ्रेम 198 पासून 271 पर्यंत, एकूण 74 फ्रेम्स. त्यासाठी फ्रेम 70 ते 143 घेतल्या. फेड 209 ला पूर्ण होतो, माइक 212 ला येतो. फेड अर्धवट असताना माइक आत आला तर तो भुतासारखा अर्धपारदर्शक दिसेल, म्हणून हा हिशोब नीट करा. V2 च्या तुकड्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतले पांढरे ठिपके आत ओढले की फेड तयार होतो.

स्वच्छ भाग कमी असेल, समजा 25 फ्रेम्सच, तर तो तुकडा एकदा सुलटा, एकदा उलटा असा जोडत जा. Change Clip Speed मध्ये उलट चालवण्याची सोय आहे. भिंतीसारख्या निर्जीव पार्श्वभूमीवर उलटं चाललेलं कुणाला कळत नाही. पडदा हलत असेल किंवा पंखा फिरत असेल तर ही युक्ती वापरू नका.

शॉटमध्ये एकही पूर्ण स्वच्छ क्षण नसेल तरी लगेच हार मानू नका. माइक सहसा एका जागी थांबत नाही. तो डावीकडे असतानाच्या फ्रेम्समधून उजवी भिंत मिळते, उजवीकडे असतानाच्या फ्रेम्समधून डावी. दोन अर्ध्या ठिगळांची एक पूर्ण भिंत होते. तेही जमलं नाही तर त्याच सेटअपचा दुसरा टेक बघा. क्लॅप देण्याआधीची आणि कट म्हटल्यानंतरची दोन-चार सेकंदं एडिटमध्ये कुणी घेत नाही, पण मूळ क्लिपमध्ये ती असतात, आणि बूम धरणाऱ्याने तेव्हा दांडा बऱ्याचदा बाजूला नेलेला असतो.

ठिगळ कापणं

V2 वरचा तुकडा निवडून Color पानावर जा. खिडक्यांच्या पॅलेटमधून पेनाचं चिन्ह असलेली Curve खिडकी घ्या आणि माइकभोवती चार-सहा बिंदूंचा आकार काढा. वरचे बिंदू फ्रेमच्या आत ठेवू नका. Viewer लहान करून ते काठाच्या बाहेर, वर ओढा. आत ठेवले तर खिडकीच्या मऊपणामुळे अगदी वरच्या काठाशी माइकची एक बारीक काळी पट्टी झिरपत राहते. छोट्या स्क्रीनवर ती कळत नाही, मोठ्या टीव्हीवर कळते.

मग नोड्सच्या मोकळ्या जागेत राइट-क्लिक करून Add Alpha Output निवडा आणि नोडच्या उजवीकडचा निळा चौकोन उजव्या काठावर आलेल्या निळ्या ठिपक्याला जोडा. आता V2 चा फक्त खिडकीतला भाग दिसतो, बाकी ठिकाणी खालचा मूळ शॉट. माइक गायब झालेला असेल.

शिवण कुठे येते हे ठिगळाच्या आकारापेक्षा महत्त्वाचं आहे. सपाट भिंतीच्या मधोमध शिवण आली तर तिला लपायला जागा नसते. भिंत आणि छताची रेघ, पडद्याची दांडी, कपाटाची कड असं काही जवळ असेल तर शिवण त्याच्यावरून न्या. तिथे डोळ्याला बदल अपेक्षितच असतो. तसं काही नसेल तर मऊपणा वाढवा. 4के चित्रात 20 ते 30 पिक्सेलची मऊ कड साध्या भिंतीला पुरते. फार मऊ केली तर कडेचा अर्धपारदर्शक भाग माइकपर्यंत पोचतो आणि माइकची छटा परत येते. मऊपणाची आतली कड माइकच्या बाहेरच थांबली पाहिजे, हीच मर्यादा.

कॅमेऱ्याने खूप दाबलेल्या फाइल दिल्या असतील तर अजून एक विचित्र प्रकार दिसतो. सपाट, अंधाऱ्या भिंतीवरचा ग्रेन कॉम्प्रेशनमध्ये विरघळतो आणि ठरावीक फ्रेम्सनंतर पुन्हा ताजा होतो. ठिगळाची लय आणि मूळ चित्राची लय जुळत नाही, त्यामुळे ठिगळ श्वास घेतल्यासारखं वाटतं. इथे शिवण रेषेवर नेणं आणि ठिगळ शक्य तितकं लहान ठेवणं, एवढंच हातात असतं.

डोकं वर येतं तेव्हा

फ्रेम 246 पर्यंत व्यक्तीचे केस वरच्या काठापासून 230 पिक्सेलवर आहेत, माइकचं टोक 150 च्या आसपास. खिडकीचा खालचा काठ 180 वर ठेवला की दोघांच्या मध्ये भरपूर जागा आहे. पण 246 नंतर केस वर येतात आणि 257 ला 110 वर पोचतात. खिडकी तिथेच राहिली तर केस ठिगळाखाली जातील आणि डोक्याचा वरचा भाग भिंतीत विरघळल्यासारखा दिसेल.

इथे बरेच जण केसांची कड फ्रेमगणिक कापायला बसतात. आधी बघा, तसं करायची गरज आहे का. बूमवाल्याने डोकं वर येताना बघितलं आणि माइकही वर घेतला. फ्रेम 257 ला माइक फक्त 40 पिक्सेल आत उरला आहे. प्रत्येक फ्रेमला माइकचं खालचं टोक आणि केसांची वरची कड यांच्यात अंतर आहे, आणि खिडकीचा काठ त्या अंतरातून गेला की काम झालं.

त्यासाठी Tracker पॅलेटमध्ये Clip ऐवजी Frame हा पर्याय निवडा. आता खिडकीचा बिंदू हलवला की त्या फ्रेमला की-फ्रेम पडते. फ्रेम 246 ला काहीतरी किंचित हलवून तिथली स्थिती पक्की करा. मग 257 ला जाऊन खालचा काठ 75 पर्यंत वर न्या. मधल्या फ्रेम्स सॉफ्टवेअर स्वतः भरतं. मग 249, 252, 255 तपासा. माणूस एकसारख्या वेगाने उठत नाही, सुरुवातीला हळू आणि मग झपकन, त्यामुळे मध्ये कुठेतरी काठ केसांना किंवा माइकला शिवतो. तिथे एक जास्तीची की-फ्रेम टाका. आपल्या शॉटला 252 ची एक पुरते. 257 ला मऊपणाही कमी करावा लागतो, कारण 40 आणि 110 यांच्या मधल्या 70 पिक्सेलमध्येच सगळं बसवायचं आहे.

271 पर्यंत फेड चालू असतानाही केस तिथेच आहेत, तेव्हा खिडकी 75 वरच ठेवा, खाली आणू नका.

माइक केसांच्या समोरून गेला असता तर गोष्ट वेगळी असती. ते केस त्या फ्रेम्समध्ये चित्रितच झालेले नाहीत आणि भिंतीचं कुठलंही ठिगळ ते परत आणू शकत नाही. दोन-चार फ्रेम्स असतील तर आधीच्या-नंतरच्या फ्रेममधले केस हाताने बसवता येतात. वीस-पंचवीस फ्रेम्स असतील तर त्या जागी समोरच्या व्यक्तीचा प्रतिक्रियेचा शॉट टाकणं जास्त शहाणपणाचं.

उजेड बदलला असेल तर

Difference मध्ये भिंत करडी दिसली होती असं समजा. मूळ शॉट आणि ठिगळ यांचा Parade स्कोप आळीपाळीने बघा, भिंतीचा पट्टा किती वर-खाली होतो ते कळेल. ठिगळाच्या नोडमध्ये Gain ने जुळवा. तिन्ही रंग सारखेच सरकले असतील तर नुसता उजेड बदलला आहे. निळा जास्त सरकला असेल तर ऊन आणि ढग यांचा खेळ आहे, मग रंगही जुळवावा लागेल. शॉट चालू असतानाच ढग आला असेल तर सुरुवातीला आणि शेवटी वेगवेगळा Gain की-फ्रेम करा.

अंतिम ग्रेड मात्र ठिगळानंतर करा. V1 आणि V2 दोन्ही निवडून New Compound Clip करा आणि ग्रेड त्या एकत्र क्लिपवर लावा. वेगवेगळ्या ग्रेडमध्ये एखादा आकडा इकडचा तिकडे झाला की शिवण उघडी पडते. शिवाय आज न दिसणारी शिवण उद्या कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर दिसू शकते, म्हणून ग्रेड झाल्यावर ती जागा पुन्हा बघायचीच.

लोंबणारी केबल: इथे ठिगळ शेजारून घ्या

दिव्याची केबल वरच्या कोपऱ्यातून पूर्ण शॉटभर लोंबत असेल तर दुसऱ्या वेळेची स्वच्छ भिंत मिळतच नाही. पण केबल बारीक असते, समजा 14 पिक्सेल. मग ठिगळ त्याच फ्रेममधून, शेजारून घेता येतं. क्लिप Fusion पानावर उघडा. `MediaIn1` वरून एक फांदी सरळ Merge च्या पार्श्वभूमीला जाते, दुसरी Transform मधून त्याच Merge च्या वरच्या थराला. Transform मध्ये Center X 0.5 च्या जागी 0.5104 ठेवा. 3840 रुंदीच्या चित्रात हे 40 पिक्सेल उजवीकडे सरकणं आहे. Merge ला Polygon मास्क जोडा आणि तो केबलवर काढा, कडा दोन-तीन पिक्सेल मऊ. केबलच्या डावीकडची भिंत केबलवर येऊन बसते.

याची गंमत अशी की ठिगळ त्याच क्षणाचं आहे. ग्रेन जिवंत, उजेड बदलला तर ठिगळातही तसाच बदलतो, कॉम्प्रेशनची लयही तीच. सरकवायचं मात्र आडवं, उभं नाही, कारण भिंतीवरचा उजेड बहुतेक वेळा वरून खाली झपाट्याने बदलतो आणि आडवा सावकाश. खालचं ठिगळ वर नेलं की ते उजळ पट्टीसारखं उठून दिसतं. वॉलपेपर किंवा विटांची भिंत असेल तर 40 ऐवजी नक्षीच्या एका पूर्ण आवर्तनाएवढं सरकवा.

कॅमेरा हातात असेल तर

हातातला कॅमेरा सतत हलतो, त्यामुळे नुसतं वर ठेवलेलं ठिगळ भिंतीवरून घसरतं. आधी भिंतीची हालचाल मोजावी लागते. Fusion मध्ये PlanarTracker घ्या, भिंत पूर्ण स्वच्छ असलेली फ्रेम संदर्भ म्हणून ठरवा आणि भिंतीवर खुणा असलेल्या भागाभोवती आकार काढा. तसबीर, स्विचबोर्ड, कोपरा असं काहीतरी त्यात हवं. कोऱ्या भिंतीवर ट्रॅकरला धरायला काही नसतं, तो भरकटतो. व्यक्ती आणि माइक त्या आकारात येऊ देऊ नका, नाहीतर तो भिंतीऐवजी त्यांचीच हालचाल मोजेल. ट्रॅक झाल्यावर Create Planar Transform दाबा.

मग `MediaIn1` ला TimeStretcher जोडून संदर्भ फ्रेम थांबवा, ठिगळाचा आकार मास्कने कापा, ते PlanarTransform मधून न्या आणि Merge ने मूळ शॉटवर ठेवा. ठिगळ आता भिंतीबरोबर हलेल. इथे फ्रेम गोठवलेली असल्याने ग्रेनचा प्रश्न परत येतो. PlanarTransform नंतर Film Grain नोड टाकून 100% झूमवर शेजारच्या भिंतीशी आकार आणि जोर जुळवा. तिन्ही रंग वेगवेगळे करून बघा, निळ्यात ग्रेन सहसा जास्त असतो.

एका ट्रॅकने एकच प्रतल सांभाळलं जातं. भिंत मागे आणि लटकणारा दिवा पुढे असेल, आणि माइक दोघांवरूनही जात असेल, तर दोन ट्रॅक, दोन ठिगळं. एकातच भागवलं तर दिवा भिंतीवर चिकटवल्यासारखा सरकतो. कॅमेरा जोरात हलून चित्र पुसट होत असेल, तर ठिगळालाही तेवढा ब्लर द्यावा लागतो. तेवढ्या धुसर शॉटमध्ये माइक खरंच कुणाला दिसणार आहे का, हे आधी तपासून घ्या.

शेवटची तपासणी

एडिटच्या छोट्या खिडकीत ठिगळ नेहमीच चांगलं दिसतं. V3 वर एक Adjustment Clip टाकून Gain दुप्पट करा आणि फ्रेम 190 ते 280 पुन्हापुन्हा चालवा. ठिगळ उगवताना, मावळताना आणि डोकं वर येताना डोळा फक्त त्या जागेवर ठेवा. मग Gain कमी करून सावल्या काळ्या होईपर्यंत अंधार करा आणि तेच पुन्हा. उजळ शिवण एका तपासणीत सापडते, गडद दुसऱ्या. Adjustment Clip काढून टाका, शॉट ज्या फॉरमॅटमध्ये द्यायचा आहे त्यात एक्स्पोर्ट करा आणि ती फाइल पूर्ण आकारात बघा. कॉम्प्रेशनमुळे सपाट भिंतीवर पट्टे पडतात आणि शिवण नेमकी दोन पट्ट्यांच्या सीमेवर आली तर ती उठून दिसते. तेव्हा खिडकीचा खालचा काठ दहा-पंधरा पिक्सेल वर-खाली करून पुन्हा एक्स्पोर्ट करा.